प्रतीक्षा यादीतली जागा सोडताना

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत हुशार मुलगा एका वेळी तीन-चार यादीत असतो. एका महाविद्यालयाची पहिली यादी लागते, तिथे तो पैसे भरून प्रवेश घेतो. बाकीच्या ठिकाणी प्रतीक्षा यादीत त्याचा क्रमांक बारावा किंवा सतरावा असतो. घरात पेढे वाटले जातात, वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते आणि त्या दुसऱ्या याद्या विस्मरणात जातात. पंधरा दिवसांनी फोन येतो, ‘तुमचा नंबर लागलाय, येताय का?’ अनोळखी नंबर म्हणून तो उचललाच जात नाही, किंवा कोणीतरी उचलून ‘विचार करून कळवतो’ असं सांगतं. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलेलं नसतं. नाही म्हणायचं असतं, पण ते कोणी म्हणत नाही.

प्रतीक्षा यादीतलं नाव म्हणजे जागा नव्हे, मग सोडायचं काय, असं अनेकांना वाटतं. आपण गेलोच नाही तर ते समजून घेतील, असाही समज असतो. हे दोन्ही समज कुठे चुकतात, ते प्रवेशाच्या टेबलावर काय चालतं ते पाहिलं की कळतं.

तिथे गुणवत्तेच्या क्रमाने नावं लिहिलेली एक यादी असते आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. रकान्यातल्या नोंदी ठरावीक असतात: ‘फोन उचलला नाही’, ‘वडील गावी, उद्या सांगतो म्हणाले’, ‘नकार, ईमेल आला’. यातली तिसरी नोंद झाली की बोट लगेच पुढच्या नावावर सरकतं. पहिल्या दोन नोंदी झाल्या की ते तिथेच अडकतं, कारण वरच्याला ओलांडून खालच्याला प्रवेश दिला आणि वरचा दोन दिवसांनी पैसे घेऊन उभा राहिला, तर महाविद्यालयाकडे उत्तर नसतं. म्हणून उत्तरासाठी दिलेली मुदत पूर्ण संपू द्यावी लागते. ती बहुधा एक-दोन दिवसांची असते. म्हणजे गप्प राहणाऱ्याचा नकार धरला जातो खरा, पण मुदतीच्या अगदी शेवटच्या क्षणी.

आता आकडे घेऊन पाहू. समजा एका अभ्यासक्रमाची एक जागा महिन्याच्या १ तारखेला सकाळी रिकामी झाली. प्रवेशाची शेवटची तारीख १० आहे आणि प्रत्येकाला उत्तरासाठी दोन दिवस मिळतात. यादीतल्या पहिल्या चौघांनी आधीच दुसरीकडे प्रवेश घेतला आहे, पण कोणीच कळवलेलं नाही. पहिल्याचे दोन दिवस २ तारखेला संपतात, दुसऱ्याचे ४ ला, तिसऱ्याचे ६ ला, चौथ्याचे ८ ला. पाचव्या मुलीला फोन जातो ९ तारखेला. तिने एव्हाना दुसऱ्या गावात प्रवेश घेतलेला असतो, खोलीचं डिपॉझिट भरलेलं असतं. तिकडचा प्रवेश रद्द करणं, दाखला परत घेणं, इथले पैसे उभे करणं हे सगळं तिला दोन दिवसांत जमवायचं असतं. बऱ्याचदा ते जमत नाही. मग १० तारखेला सहाव्याला फोन करायला वेळ राहत नाही आणि ती जागा वर्षभर रिकामी जाते.

तेच त्या चौघांनी त्यांचा-त्यांचा फोन येताच ‘येत नाही’ असं स्पष्ट सांगून लगेच लिहून पाठवलं असतं, तर पाचवीला १ तारखेलाच संध्याकाळपर्यंत फोन गेला असता. तिच्या हाती नऊ दिवस राहिले असते. शिवाय ती आली की तिची आधीची जागा रिकामी होते आणि तिथल्या यादीलाही पुढे सरकायला तेवढाच वेळ मिळतो. एका जागेमागे अशी माणसांची रांग असते आणि ती एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाते. म्हणून उशीर एकाचा असला तरी त्याची झळ ओळखदेख नसलेल्या तिघा-चौघांना बसते.

आर्थिक विषयात याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाच्या जागा पूर्वी एका ठरावीक दिवशी फोनवरून दिल्या जात. सकाळी ९ ते दुपारी ४ एवढाच वेळ असे. विद्यार्थी हातातली जागा धरून आणखी चांगल्या फोनची वाट पाहत, आणि तोवर संस्थेला पुढच्याला विचारता येत नसे. अल्विन रॉथ आणि शियाओलिन शिंग यांनी १९९७ साली या दिवसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की या कोंडीमुळे संस्था सर्वांत योग्य विद्यार्थ्याऐवजी ताबडतोब हो म्हणेल अशा विद्यार्थ्याला फोन करायला झुकतात. पुढे १९९९ पासून तिथे संगणकाने जागावाटप सुरू झालं. रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच वाटपांवरच्या कामासाठी, लॉइड शॅप्ली यांच्यासोबत.

आपल्याकडेही जिथे केंद्रीय पद्धतीने प्रवेश होतात, तिथे हे काम बऱ्याच अंशी यंत्र करतं. आयआयटी-एनआयटीच्या ‘जोसा’ प्रक्रियेत ‘फ्लोट’ निवडलेल्या मुलाला वरच्या पसंतीची जागा मिळाली की खालची आपोआप सुटते. तिथे कोणाला पत्र लिहावं लागत नाही. महाविद्यालय पातळीवरच्या याद्यांना, म्हणजे खासगी विद्यापीठं, स्वायत्त महाविद्यालयं, विनाअनुदानित अभ्यासक्रम, संस्थास्तरावरच्या जागा यांना मात्र असं यंत्र नसतं. इथे जागा सोडण्याचं काम विद्यार्थ्यालाच करावं लागतं.

ते कधी करायचं? घाई करण्याआधी आपली जागा पक्की आहे ना, हे पाहावं. फी भरल्याची पावती, कागदपत्रांची तपासणी झाल्याची नोंद आणि प्रवेश कायम झाल्याचं पत्र किंवा पोर्टलवरची स्थिती, या तीन गोष्टी हातात हव्यात. ‘प्रोव्हिजनल’ असं लिहिलेलं असेल तर ते कशामुळे आहे, हे विचारावं. जातवैधता प्रमाणपत्र किंवा मूळ गुणपत्रिका बाकी असेल, तर आधी ती पूर्तता करावी. एकदा लेखी माघार घेतली की नाव यादीत परत लागत नाही.

त्यानंतर घरात बसून प्रत्येक यादीबद्दल एकच प्रश्न विचारावा: आज इथून फोन आला तर आपण जाऊ का? उत्तर ‘हो’ असेल, तर यादीत राहण्यात काहीच गैर नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर फोन येण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी कळवावं. ‘बघू’ असं उत्तर असेल, तर त्याला एक तारीख ठरवून द्यावी. ती ठरवायला फी परताव्याचा नियम उपयोगी पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत मिळते, फक्त ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापता येतं. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, त्याच्या पुढच्या १५ दिवसांत ५० टक्के, आणि नंतर काहीच नाही. अलीकडच्या काही वर्षांत आयोगाने त्या-त्या वर्षापुरती जादा सवलतही दिली, आणि तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे वेगळे नियम आहेत. त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमाचं त्या वर्षीचं परिपत्रक पाहावं. पण ज्या दिवसानंतर महाविद्यालय बदलणं आपल्याला परवडणार नाही, तो दिवस यातून निघतो. त्या दिवशी ‘बघू’चं ‘नाही’ करून टाकावं.

आता कळवायचं कसं, ते पाहू. पोर्टलवर माघारीचं बटण असेल तर आधी ते, पण दाबण्यापूर्वी नीट वाचून. काही ठिकाणी एकाच अर्जात दोन-तीन अभ्यासक्रम असतात आणि अर्ज मागे घेतला की सगळेच जातात. एकाच विद्यापीठाच्या एका विभागात प्रवेश झाला असेल आणि दुसऱ्या विभागाची यादी सोडायची असेल, तर जास्तच जपावं, कारण चुकून झालेलाच प्रवेश रद्द होऊ शकतो. अशा वेळी बटणाच्या नादी न लागता कार्यालयाला लिहावं.

बटण नसेल तर नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच पत्र पाठवावं, म्हणजे ते खुद्द उमेदवाराचं आहे याची खात्री पटते. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आणि ‘प्रतीक्षा यादीतून माघार’ एवढं असावं. मजकूर असा पुरे:

‘माननीय प्रवेश समिती समन्वयक,
सप्रेम नमस्कार. बी.एस्सी. (संगणकशास्त्र) प्रथम वर्षाच्या प्रतीक्षा यादीत खुल्या प्रवर्गात माझा क्रमांक १२ आहे. माझा प्रवेश अन्यत्र निश्चित झाला असल्याने मी या यादीतून माझं नाव मागे घेत आहे. या जागेवर यापुढे माझा हक्क राहणार नाही. कृपया पुढील उमेदवारास संधी द्यावी. आपण माझ्या अर्जाचा विचार केलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र मिळाल्याचं कृपया कळवावं.’
खाली पूर्ण नाव, अर्ज क्रमांक आणि मोबाइल नंबर.

या पत्रात ‘सध्या’, ‘बहुतेक’, ‘शक्य झाल्यास’ असे शब्द नाहीत, कारण त्यातला एक जरी आला तरी टेबलावरच्या माणसाला तो नकार मानता येत नाही. दुसऱ्या महाविद्यालयाचं नाव सांगण्याची गरज नाही, विचारलं तर सांगायला हरकतही नाही. लांबलचक कारणं आणि क्षमायाचनाही नको. जिथे आपण गेलो नाही त्या संस्थेची फी किंवा वसतिगृह यांवर जाता-जाता शेरा मारणं तर मुळीच नको. तीन-चार वर्षांनी पदव्युत्तर प्रवेशासाठी त्याच दारात उभं राहण्याची वेळ अनेकांवर येते.

शेवटची तारीख आठवड्याच्या आत आली असेल, तर ईमेलसोबत फोनही करावा आणि तो विद्यार्थ्याने स्वतः करावा. ‘सर, माझा अर्ज क्रमांक अमुक, मी येत नाहीये, ईमेल पाठवलाय’ एवढं सांगितलं की झालं. पालकांनी केलेल्या फोनवर बऱ्याच ठिकाणी ‘मुलाला लिहायला सांगा’ असंच उत्तर मिळतं. आणि ‘माझी जागा माझ्या मित्राला द्या’ असं सुचवू नये. ती जागा यादीतल्या पुढच्या क्रमांकाची असते, देणं आपल्या हातात नसतं.

नाव खरंच निघालं की नाही, हे पोर्टलवरची स्थिती बदलल्याने किंवा पोच आल्याने कळतं. चार दिवसांनी पुन्हा फी भरण्याची लिंक किंवा आठवण आली, तर पत्र वाचलं गेलेलं नाही असं समजावं आणि तेच पुन्हा पाठवावं. महाविद्यालयाने पडताळणीनंतर मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवायची नाहीत, हेही आयोगाच्या त्याच सूचनेत सांगितलं आहे. तेव्हा एखादा मूळ कागद तिथे राहिला असेल, तर त्याच पत्रात परत मागावा. दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच दिवशी मिटतो आणि यादी पुढे सरकते.