व्याजात सूट मिळते, पण कोणाला आणि किती?

हिवरखेडच्या बाजारात भाजी घेता घेता एका ताईंनी मला विचारलं, "घराचं कर्ज घेतलं की सरकार दोन लाख सदुसष्ट हजार देते म्हणतात, खरं का?" एकेकाळी हे खरं होतं. पण ती जुनी योजना होती आणि २०२२ च्या मार्चअखेर ती बंद झाली. आता 'प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०' सुरू आहे. ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली आणि तिचा हिशोब वेगळा आहे. आज तोच समजून घेऊ.

आधी उत्पन्न बघा. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं-मुली एवढ्यांचं मिळून एक कुटुंब धरतात. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ३ ते ६ लाख असेल तर अल्प उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाख असेल तर मध्यम गट. ९ लाखांच्या वर ही सूट नाही. या कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि मागच्या २० वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर हरकत नाही. मात्र वारसाहक्काने तुमच्या मालकांचं नाव त्यावर चढलेलं असेल तर अडचण येते.

आता घर बघा. जुन्या योजनेत दुर्बल गटाला ३० आणि अल्प गटाला ६० चौरस मीटरची मर्यादा होती. आता तिन्ही गटांना १२० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,२९० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्र चालते. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची आणि जिना त्यात धरत नाहीत. बिल्डर सांगतो तो आकडा बहुतेक वेळा याहून मोठा असतो, म्हणून करारात चटई क्षेत्र किती लिहिलंय ते वाचा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं.

ही योजना शहरी भागासाठी आहे. घर कुठे आहे, यावर ते ठरतं. हिवरखेडला आता नगर परिषद आहे. पण शेजारच्या खेड्यातल्या घराला ही सूट लागू नाही, तिथे ग्रामीण आवास योजना वेगळी आहे. म्हणून जागा योजनेच्या हद्दीत येते का, हे टोकन देण्याआधीच नगर परिषदेत विचारून घ्या.

आता पैशाचं बोलू. एक शिवणकाम करणारी ताई धरा. नवरा-बायको मिळून वर्षाला ४ लाख २० हजार कमावतात, म्हणजे अल्प गट. त्यांनी ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी १० लाखांचं कर्ज घेतलं. सूट पहिल्या ८ लाखांवर, ४ टक्क्यांनी आणि जास्तीत जास्त १२ वर्षांच्या हिशोबाने मिळते. वरच्या २ लाखांवर काही नाही. ताईंना एकूण १ लाख ८० हजार मिळतील, तेही एकदम नाही. दर वर्षी ३६ हजारांप्रमाणे पाच हप्त्यांत. बँकेचा महिन्याचा हप्ता मात्र साधारण १०,१४० रुपये पूर्ण भरावाच लागेल. हप्ता झेपेल का, याचा विचार सूट बाजूला ठेवून करा.

इथेच पुष्कळ जण फसतात. सुटीचा प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू पाहिजे आणि मुद्दलाचा निम्म्याहून जास्त भाग शिल्लक पाहिजे. तीन वर्षांनी ताईंचं कर्ज साधारण ८ लाख ९० हजार उरेल. तेव्हा कापूस विकून आलेले ४ लाख त्यांनी हौसेने कर्जात भरले, तर उरतात ४ लाख ९० हजार, म्हणजे निम्म्याहून कमी. तोवर तीन हप्ते मिळाले असतील, तर उरलेले दोन, म्हणजे ७२ हजार, हातचे गेले. आधी फेडून वाचणारं व्याज जास्त की ही रक्कम, ते बँकेत बसून मोजा आणि मगच पैसे भरा.

अर्ज pmay-urban.gov.in वर किंवा कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत होतो. १ सप्टेंबर २०२४ पासून पुढे मंजूर होऊन हाती आलेलंच कर्ज चालतं. घरातल्या सगळ्यांचं आधार, उत्पन्नाचा पुरावा आणि पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आणि खरेदीखतात तुमचं नाव असू द्या, एकटीचं किंवा मालकांसोबत. सूट मिळवून देतो म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर त्याला देऊ नका. बँकेला अर्जाचा नंबर विचारा आणि तो जपून ठेवा.