सात शब्दांची विहीर

शेजारच्या मुलीने कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी निबंध लिहिला आणि माझ्याकडे आणून दिला. "काकू, सगळं बरोबर आहे, पण वाचताना झोप येते. का ते कळत नाही," असे ती म्हणाली. इतके नेमके दुखणे सांगणारा लेखक विरळाच. तिच्या परवानगीने त्यातला एक परिच्छेद इथे देते.

"आजोळी आमच्या वाड्यामागे एक जुनी विहीर होती. विहिरीला काळ्या दगडाच्या बारा पायऱ्या बांधलेल्या होत्या. आजी रोज पहाटे तिथे पाणी भरत होती. आम्ही मुले दुपारी तिच्यात पोहायला उतरत होतो. मामा काठावर बसून आमच्यावर लक्ष ठेवत होता. एका उन्हाळ्यात विहिरीचे पाणी पूर्ण आटले होते. तळाशी मला माझी हरवलेली चप्पल दिसली होती. त्या दिवशी आजी पहिल्यांदा रडताना दिसली होती."

शुद्धलेखनाची एक चूक नाही. मजकूरही चांगला आहे. विहीर आहे, आजी आहे, दुष्काळाची चाहूल आहे आणि शेवटी रडू आहे. तरी वाचताना कुणीतरी हजेरी घेत असल्यासारखे वाटते. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि दोन कामे सांगितली. समासात प्रत्येक वाक्याचे शब्द मोजून आकडा लिहायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाभोवती गोल करायचा.

समासात उभी ओळ तयार झाली: 7, 7, 7, 7, 7, 7, 7, 7. गोलांमध्ये सापडले होती, होत्या, होती, होतो, होता, होते, होती, होती. ती बघतच राहिली. मुद्दाम कुणी असे लिहीत नाही. एक वाक्य पुरे झाले की हात तेवढ्याच मापाचे दुसरे वाक्य कापतो, इतकेच.

ही दोन दुखणी आहेत आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात. एक लांबीचे, दुसरे शेवटाचे. मराठीत दुसरे जास्त त्रास देते, कारण आपले क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत 'होता' वाक्याच्या पोटात दडून जातो. आपल्याकडे तो दारात उभा असतो आणि त्याच्यावर पाय पडल्याशिवाय वाक्याबाहेर जाता येत नाही. जुन्या मोडी कागदपत्रांत विरामचिन्हे जवळजवळ नसतात. मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली ती 1850 च्या सुमारास. त्याआधी कितीतरी काळ मराठी वाचणारा माणूस क्रियापदावरूनच वाक्य संपल्याचे ओळखत आला. त्या कानाला एकच क्रियापद ओळीने आठ वेळा ऐकवले, तर तो पेंगणारच.

मुलीने घरी जाऊन स्वतःच एक उपाय केला. दुसऱ्या दिवशी तिने आणलेल्या परिच्छेदाची सुरुवात अशी होती: "आजोळी आमच्या वाड्यामागे एक जुनी विहीर होती आणि तिला काळ्या दगडाच्या बारा पायऱ्या बांधलेल्या होत्या." पुढेही तेच. दोन-दोन वाक्ये 'आणि'ने शिवलेली. समासात आता 15, 15, 15, 15 आले. सूर तोच राहिला, फक्त दम जास्त लागायला लागला. 'लहान-मोठी वाक्ये आलटून पालटून लिहा' हा सल्लाही मी ऐकला आहे, पाठ्यपुस्तकी मार्गदर्शकांत वाचलाही आहे. तो पाळून लिहिलेला निबंध झोपाळ्यासारखा होतो. दोन ओळींत वाचकाला झोका कळतो आणि तिसऱ्या ओळीत तो पुन्हा पेंगतो.

लांबी हे लक्षण आहे. मूळ दुखणे असे की आठही वाक्यांना लेखिकेने एकच वजन दिले आहे. पायऱ्या दगडाच्या होत्या हे आणि आजी रडली हे, दोन्ही सात शब्दांत. म्हणून मी लांबीबद्दल बोलणे सोडले आणि तिला विचारले, "आजी का रडली गं?"

"पाणी आटलं म्हणून."

"मग चपलेचं काय?"

"चप्पल मला दिसली. मी हसत मागे वळले, आजीला दाखवायला. तर ती रडत होती."

म्हणजे चप्पल आणि रडू यांच्यामध्ये एक हसू होते आणि ते लिहायचे राहून गेले होते. सारख्या लांबीच्या लेखनात हे फार वेळा दिसते. वाक्य सात शब्दांचे झाले की लेखक पूर्णविराम देतो आणि दोन घटनांना जोडणारा धागा त्या पूर्णविरामात तुटतो. तो 'म्हणून' होता की 'तरी' होता, 'तेव्हा' होता की 'तोवर', हे वाचकाला कळत नाही. 'आणि' यांतले काहीच सांगत नाही. तो दोन डबे एकमेकांना अडकवतो, पण इंजिन कुठले ते त्याला माहीत नसते.

मग आम्ही काळांकडे वळलो. खरी गंमत तिथे होती. आजी पाणी 'भरत होती', हे रोजचे काम. पाणी 'आटले होते', ही एकदाच घडलेली गोष्ट. दोन्हींच्या शेपटीला 'होते'च. मराठीत रोजच्या सवयीसाठी वेगळी रूपे आहेत: भरायची, भरत असे, भरी. व्याकरणात याला रीती भूतकाळ म्हणतात. एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ पुरतो: आटले, दिसली, रडली. 'आटले होते' तेव्हाच हवे, जेव्हा त्यानंतरच्या एखाद्या क्षणी उभे राहून आपण मागे पाहतो. "मी पोचले तेव्हा पाणी आटले होते," असे. 'होती'चे गोल अर्थाप्रमाणे बदलले तेव्हा शेवटांची एकसुरी ओळ आपोआप मोडली. ताल सुधारायला बसलो होतो, व्याकरण आधी सुधारले.

लांब वाक्य बांधायला 'ऊन'ची रूपे सोयीची असतात: बसून, उतरून, भरून. पण त्यांची एक अट आहे. सर्वसाधारणपणे 'ऊन' लावलेली क्रिया आणि मुख्य क्रिया एकाच कर्त्याची हवी. "मामा काठावर बसून लक्ष ठेवायचा" ठीक, कारण बसणारा मामा आणि लक्ष ठेवणाराही मामाच. मुलीने मधल्या एका खर्ड्यात लिहिले होते, "आजी पाणी भरून आम्ही पोहायला उतरायचो." इथे भरणारी एक, उतरणारे दुसरे, आणि वाक्य पायरीवरून घसरले. कर्ता बदलला की 'भरून झाल्यावर' म्हणावे किंवा 'भरून झाले की'. या रूपांची माळही करू नये. "उठून, आवरून, जाऊन, भरून, येऊन" असे लिहिले की 'होती'च्या जागी फक्त 'ऊन' आला.

आणखी एक युक्ती आपण बोलताना सतत वापरतो आणि लिहिताना विसरतो. क्रियापदानंतरही शब्द ठेवता येतात. "आले का रे बाबा तुझे?" असेच आपण विचारतो. पायऱ्यांचे स्वतंत्र वाक्य मोडून तो तपशील आम्ही 'होती'च्या पलीकडे टांगला. क्रियापद नसलेले वाक्यही मराठीला चालते. "हे माझे घर" म्हणताना 'आहे'ची कुणाला आठवणही होत नाही.

तिसऱ्या दिवशी परिच्छेद असा झाला:

"आजोळी आमच्या वाड्यामागे एक जुनी विहीर होती, काळ्या दगडाच्या बारा पायऱ्यांची. पहाटे ती आजीची. तिचे पाणी भरून झाले की दुपारी आम्ही मुले त्याच पायऱ्यांवरून पोहायला उतरायचो आणि सगळे वर येईपर्यंत मामा काठावर बसून लक्ष ठेवायचा. एका उन्हाळ्यात पाणी आटले. तळाशी माझी हरवलेली चप्पल दिसली म्हणून मी हसत वळले, तर मागे आजी रडत होती. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते."

समासातले आकडे आता 11, 3, 21, 4, 14, 7. एकूण शब्द आधी 56 होते, आता 60, म्हणजे मजकूर फुगलेला नाही. एकवीस शब्दांचे वाक्य रोजच्या सवयीचे आहे. दिवस जसा एकात एक मिसळत जातो तसे तेही पुढे सरकते. त्याला लागून चार शब्दांत पाणी आटते. हेच वाक्य लांबवून पाहिले, 'विहिरीचे' आणि 'पूर्ण' परत घातले, तेव्हा धक्का गेला. लांब वाक्याच्या पाठीवर आलेले आखूड वाक्य लागते, पण आखूड वाक्यांच्या रांगेतले आखूड वाक्य कुणाच्या ध्यानातही येत नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा सात शब्दांचेच आहे, हे तिनेच दाखवले. सात या आकड्याचा काही दोष नव्हता. 'पायऱ्यांची' आणि 'आजीची' हा लागोपाठ आलेला यमकासारखा नाद मला खटकला, तिला आवडला. निबंध तिचा, म्हणून ठेवला.

प्रत्येक सारख्या लांबीच्या लेखनावर मात्र हा इलाज करू नये. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात छोटी छोटी वाक्ये एकामागून एक येतात आणि सातशेहून अधिक वर्षांनंतरही ते गद्य जिवंत वाटते. तिथे प्रत्येक वाक्यात काहीतरी घडते, कुणी येते, कुणी विचारते, कुणी उत्तर देते, त्यामुळे आखूडपणा वेग होतो. आमच्या मुलीच्या पहिल्या पाच वाक्यांत काहीच घडत नव्हते, फक्त असत होते. पाककृतीतही एकसारखी आखूड वाक्येच बरी. फोडणी करपत असताना एकवीस शब्दांचे वाक्य कुणाला नको असते.

आपल्या लेखनावर हे करून पाहायचे असेल तर लिहिल्या दिवशी करू नका. त्या दिवशी कान आपल्याच बाजूचा असतो. तीन-चार दिवसांनी मोठ्याने वाचा आणि आवाज जिथे आपोआप सपाट होतो तिथे खूण करा. आकडे फक्त त्या परिच्छेदाचे मोजा. सगळ्या निबंधाचे मोजत बसलात, तर गणित सुधारेल.

अंक फेब्रुवारीत निघाला. निबंध छापून आला आहे. मुद्रिते तपासणाऱ्या कुणीतरी 'पहाटे ती आजीची'पुढे 'होती' हा शब्द घातला आहे.