वितळणाऱ्या कुल्फीचे चित्र शब्दांत कसे मांडावे

कुल्फीचा क्लोज-अप प्रॉम्प्ट म्हणजे चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालीला दिलेले लेखी वर्णन. कुल्फी अगदी जवळून दिसावी, तिच्यावरून दुधाचे ओघळ उतरावेत, पृष्ठभागावर बर्फाचा पांढुरका थर असावा आणि मागे लख्ख उन्हाळा असावा, एवढीच मागणी असते. ऐकायला ती सोपी आहे. पण ओघळ आणि बर्फाचा थर या दोन गोष्टी निसर्गात एका जागी नांदत नाहीत. त्यामुळे नुसते शब्द एकामागून एक ठेवले, तर चित्र आकर्षक दिसते पण खोटे वाटते. कुठे काय दिसायला हवे हे सांगितले, तर तीच प्रणाली बरीच खरी कुल्फी दाखवू शकते.

या प्रणाली चित्र काढतात ते रंगांच्या विस्कळीत ठिपक्यांपासून. हे ठिपके टप्प्याटप्प्याने साफ होत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर दिलेले वर्णन त्यांना दिशा देते. कोणत्या शब्दाला काय दिसते हे प्रणाली इंटरनेटवरील चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकलेली असते. अशा जोड्यांचा लायन-5बी हा संच 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 5.85 अब्ज जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे 2.3 अब्ज एकट्या इंग्रजीतल्या होत्या. उरलेल्यांत शंभरावर भाषा मावतात. चित्रांचे वर्णन आजही बहुतेकदा इंग्रजीत लिहिले जाते, त्यामागचे हे एक कारण आहे.

याच शिक्षणामुळे पहिली चूक होते. आइस्क्रीमची चित्रे उदंड, कुल्फीची त्या मानाने थोडी. म्हणून ‘कुल्फी’ एवढाच शब्द दिला की काडीवरची गुळगुळीत आइसकँडी किंवा कोनातला आइस्क्रीमचा गोळा येण्याची शक्यता मोठी. नावाबरोबर पदार्थाचे वर्णनही द्यावे लागते, आणि त्यासाठी कुल्फी आइस्क्रीमपेक्षा वेगळी का दिसते हे ठाऊक असावे लागते.

आइस्क्रीम गोठवताना सतत घुसळले जाते, त्यात हवा भरते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असावे लागते. म्हणजे नियमात बसणाऱ्या आइस्क्रीममध्येही बरीचशी जागा हवेची असू शकते. कुल्फीचे दूध आटवतात, साच्यात भरतात आणि न घुसळता गोठवतात. पारंपरिक पद्धतीत हे साचे मटक्यात बर्फ आणि खडेमीठ यांच्यामध्ये बसवलेले असतात, कारण मिठामुळे बर्फाचे मिश्रण शून्याच्या बरेच खाली, योग्य प्रमाणात उणे 21 अंशांपर्यंत, जाऊ शकते. हवा नसल्याने कुल्फी घट्ट आणि जड होते, वितळतेही सावकाश. तिचा रंग पांढराशुभ्र नसतो. दूध आटल्याने त्यात पिवळसर-बदामी झाक येते. पृष्ठभागावर साच्याची सरळ बाजू, मधूनच खव्याचा दाणा, पिस्त्याचा काप आणि वेलचीचे काळपट कण दिसतात. आइस्क्रीमवर चमच्याने ओढल्याच्या भेगा असतात, तशा कुल्फीवर नसतात.

आकाराकडेही लक्ष हवे. निमुळत्या साच्यातल्या कुल्फीत काडी रुंद तोंडाकडून खोचतात. हातात धरल्यावर निमुळते टोक वर आणि रुंद बाजू खाली, बोटांजवळ येते. वितळलेले दूध या खालच्या कडेला साठते, तिथून काडीवर आणि मग हातावर. हे सांगितले नाही तर प्रणाली साचा उलटा धरू शकते, आणि मग ओघळ टोकावरून लोंबताना दिसतात. कुल्फी खाल्लेल्या माणसाला हे ताबडतोब खटकते.

आता मूळ अडचण. साच्यातून काढलेली कुल्फी घरगुती फ्रीझरमधून आली असेल तर उणे 18 अंशांच्या आसपास असते. हवेतली वाफ तिच्या पृष्ठभागावर थेट गोठते आणि बारीक पांढरे कण जमतात. हा थर मंद, बिनचमकेचा असतो. काही वेळाने पृष्ठभाग तापतो. दुधातल्या साखरेमुळे कुल्फी शून्याच्या थोडी खालीच सुटू लागते. पृष्ठभाग ओला झाला की कण विरघळून जातात आणि तिथे चकाकी येते. म्हणजे ज्या जागी मंदपणा आहे तिथे अजून वितळणे नाही, आणि जिथे चकाकी आहे तिथे थर उरलेला नाही. प्रणालीला मात्र हा क्रम ठाऊक नसतो. ‘बर्फाचा थर’ आणि ‘ओघळ’ दोन्ही मागितले की ती सगळीकडे दोन्ही रंगवते. चकचकीत पांढऱ्या कणांवरून चकचकीत थेंब वाहतात आणि कुल्फी लाखेचा लेप दिलेल्या लाकडी खेळण्यासारखी दिसते.

याचे उत्तर उजेडाच्या दिशेत सापडते. सूर्य एका बाजूला असेल तर त्या बाजूची कड आधी सुटते आणि सावलीच्या बाजूला थर जास्त वेळ टिकतो. उन्हाची बाजू एकदा ठरली की ओघळ कुठे आणि थर कुठे हे आपोआप ठरते. हे छायाचित्रालाही सोयीचे आहे. समोरून सरळ पडणाऱ्या उजेडात बारीक कण सपाट होऊन जातात. तिरप्या उजेडात प्रत्येक कणाची सावली पडते आणि थराचा खरखरीतपणा दिसतो. मागून येणाऱ्या उजेडात ओघळाची कड उजळते. म्हणून ‘भर दुपारचे ऊन’ मागण्यापेक्षा सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे तिरपे ऊन मागावे. बारा वाजताचा सूर्य डोक्यावर असतो आणि तो कुल्फीच्या टोकावर पांढरा डाग पाडून बाकी भाग काळवंडवतो.

या विचारातून तयार होणारे वर्णन असे असू शकते:

```
macro photo of malai kulfi, tapered cone, narrow end up,
bamboo stick below, dense cream-coloured milk, pistachio slivers,
low sun from behind left,
sunlit edge glossy and melting, two thick milky drips,
shaded side matte with fine white frost,
blurred red gulmohar flowers, blue sky
```

यात पहिल्या दोन ओळी पदार्थ सांगतात, तिसरी उजेड, पुढच्या दोन ओळी त्या उजेडाचा परिणाम आणि शेवटची पार्श्वभूमी. थर आणि ओघळ यांना ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ न म्हणता ‘उन्हातली कड’ आणि ‘सावलीची बाजू’ म्हटले आहे, ते मुद्दाम. डावे-उजवे पाळण्यात अनेक प्रणाली चुकतात, ऊन आणि सावली यांचा चकाकीशी असलेला संबंध मात्र त्यांनी लाखो चित्रांत पाहिलेला असतो. ओघळ दोनच मागितले आहेत, आणि ते दाट व दुधाळ. नुसते ‘ओघळ’ म्हटले तर पाण्याचे पारदर्शक थेंब येऊ शकतात. तसे थेंब थंडगार साच्यावर किंवा पेल्यावर जमतात, कुल्फीच्या अंगातून येत नाहीत.

लांबीलाही मर्यादा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या वर्णनाचे 77 तुकडेच वाचत. एक तुकडा म्हणजे साधारण एक छोटा शब्द, लांब किंवा अनोळखी शब्दाचे दोन-तीन तुकडे होतात, स्वल्पविरामही मोजला जातो. त्यापलीकडचे कापले जाई. नव्या प्रणाली बरेच जास्त वाचतात, तरी ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘तोंडाला पाणी सुटेल असे’ अशा विशेषणांनी जागा भरण्यात अर्थ नाही. त्यांना विशिष्ट असे काही दिसत नाही. उलट जाहिरातीतल्या खाद्यचित्रांकडे प्रणाली झुकते. अशा चित्रांत आइस्क्रीम दिव्याखाली वितळू नये म्हणून कित्येकदा वनस्पती तूप आणि पिठीसाखर यांचा गोळा किंवा कुस्करलेला बटाटा वापरला जात असे. जो पदार्थ वितळूच नये म्हणून बनवला, त्याच्या चित्रांकडून वितळणे शिकायचे, ही गंमतच आहे.

पार्श्वभूमीत ‘उन्हाळा’ म्हटले की समुद्रकिनारा, नारळाची झाडे आणि रंगीत छत्री येते. हा परदेशी सुट्टीचा उन्हाळा. महाराष्ट्रातला एप्रिल-मे हवा असेल तर गुलमोहर, चुन्याची भिंत किंवा निरभ्र आकाश असे एखादे नाव घ्यावे. निवड रंग पाहून करावी. कुल्फी फिकट पिवळसर असते, त्यामुळे पिवळ्या उन्हाळी भिंतीसमोर ती हरवते. गुलमोहराचा लाल आणि आकाशाचा निळा यांच्यासमोर तिची कड स्पष्ट उठते. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर मॅक्रो छायाचित्राचा उल्लेख पुरतो, कारण इतक्या जवळून घेतलेल्या चित्रात मागचे सगळे आपसूक विरते. प्रदेशाचाही फरक पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थर पटकन आणि जाड जमतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत वाफ कमी असल्याने तो पातळ राहतो आणि कुल्फी ओघळू लागते. नागपूरच्या रस्त्यावरची कुल्फी दाखवायची तर थराचा आग्रह कमी करणेच बरे.

तयार चित्र तपासताना तीन जागा आधी पाहाव्यात. पहिली, ओघळांची दिशा: कुल्फी तिरकी धरली असली तरी खाली पडणारा थेंब सरळ जमिनीकडे जातो. दुसरी, वाफ: गोठलेल्या पदार्थाभोवतीची थंड हवा जड असते, तिच्यातले धुके खाली उतरते. चहाच्या कपासारखी वर चढणारी वाफ दिसली तर चित्र चुकले. तिसरी, सावल्या: कुल्फीवरचे ऊन डावीकडून आणि फुलांवरचे उजवीकडून, असे प्रकार होतात.

नको असलेल्या गोष्टी वर्णनात ‘नको’ म्हणून लिहिल्याने अनेकदा त्याच येतात. वाफ नको असे लिहिले तरी ‘वाफ’ हा शब्द पोचतोच. स्टेबल डिफ्यूजनमध्ये यासाठी वेगळी चौकट असते. मिडजर्नीत शेवटी `--no steam` असे लिहिता येते. ज्या प्रणालीत अशी सोय नाही तिथे वाफेचे नावच न घेणे शहाणपणाचे.

एखादा ओघळ चुकीच्या जागी आला, काडी वाकडी झाली किंवा पिस्ता जास्तच हिरवा दिसला, तर तेवढाच भाग निवडून पुन्हा रंगवून घेता येतो. उजेडाची दिशा चुकली असेल तर मात्र ठिगळ लावून भागत नाही. चकाकी, थर आणि सावली तिन्ही तिच्यावर अवलंबून असल्याने चित्र पहिल्यापासून करून घ्यावे लागते.