ॲम्फोटेरिसिन चालू असताना मूत्रपिंडाची राखण

ॲम्फोटेरिसिन-बी बुरशीला मारते आणि मूत्रपिंडालाही दुखावते, या दोन्हींचे मूळ एकच आहे. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्याला चिकटते, पडद्याला भोके पडतात आणि पेशी गळून मरते. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. त्यावर औषधाची पकड सैल असते, पण मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना तेवढीही पुरते.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिसमुळे, म्हणजे काळ्या बुरशीमुळे, या औषधाचे नाव विदर्भात घरोघरी पोचले. मूत्रपिंडाला त्यातल्या त्यात सौम्य असे लायपोसोमल इंजेक्शन तेव्हा मिळेनासे झाले होते. मे महिन्याच्या अखेरीस विदर्भातल्याच वर्ध्यात ॲम्फोटेरिसिनच्या इमल्शन इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले. लायपोसोमल नसेल तिथे साधे, डिऑक्सिकोलेट ॲम्फोटेरिसिन द्यावे लागते. दोन्हींची कुपी ५० मिलिग्रॅमची, पण साध्याचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आणि लायपोसोमलचा ५ मिलिग्रॅम. त्यांची अदलाबदल जीव घेऊ शकते.

उदाहरणादाखल, गडचिरोलीतल्या भामरागडकडचा ४५ किलो वजनाचा शेतकरी साध्या औषधावर आहे असे धरू. त्याचा दिवसाचा डोस ४५ मिलिग्रॅम. तो अर्धा लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून चार ते सहा तासांत सोडतात. सलाईनमध्ये हे औषध साखळते, म्हणून ते त्यात कधीच मिसळायचे नसते. मात्र डोसच्या आधी साधारण दोन तासांत एक लिटर नॉर्मल सलाईन द्यायचे असते आणि मग नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची असते.

या आधीच्या बाटलीचे काम फक्त पाणी भरण्याचे नाही. औषधामुळे मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या आवळतात आणि गाळणी मंदावते. शरीरात मीठ कमी असेल तर हे आवळणे वाढते, पुरेसे असेल तर सैलावते. म्हणून ताप-उलट्यांनी सुकलेल्या रुग्णात ही बाटली चुकवणे महागात पडते. हृदय कमजोर असेल तर मात्र एक लिटरनेही फुप्फुसात पाणी उतरू शकते. तिथे सलाईनची मात्रा कमी करून श्वासावर नजर ठेवतात.

सलाईनने गाळणी वाचते, नलिकांची गळती थांबत नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून जात राहतात. या शेतकऱ्याचे पोटॅशियम ४.१ वरून सहाव्या दिवशी २.९ वर आले; पाय जड झाले, पोट फुगले. मग सलाईनच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराईडची दहा मिलीची, २० मिलिइक्विव्हॅलंटची कुपी घालून, बाटली नीट हलवून, हळूहळू दिली जाते. तीच कुपी थेट शिरेत रिचवली तर हृदय बंद पडते. तोंडावाटे पोटॅशियमचे सिरपही सुरू केले जाते. तरीही तीन दिवसांनी आकडा ३.० च्या पुढे सरकत नाही. कारण मॅग्नेशियममध्ये सापडते: ते १.२ असते, हवे किमान १.७. नलिकेतून पोटॅशियम बाहेर सोडणारे दार मॅग्नेशियम रोखून धरते. ते उणावले की वरून ओतलेले पोटॅशियम खालून वाहून जाते. दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सलाईनमधून काही तासांत दिल्यावर आणि पुढे दोन-तीन दिवस ते चालू ठेवल्यावर पोटॅशियम टिकू लागते.

जंगल जिल्ह्यात यात एक फसगत होते. रक्ताचा नमुना गाडीत हिंदकळत, उन्हात तासन्‌तास प्रवास करून प्रयोगशाळेत पोचला की लाल पेशी फुटतात आणि त्यांतले पोटॅशियम द्रवात मिसळते. खरा आकडा २.९ असताना कागदावर ४ दिसू शकतो. वरचा द्रव लालसर दिसला तर त्या आकड्यावर विसंबू नये. ईसीजीत टी-लहर चपटी झाली असेल तर ती खरी बातमी सांगते.

क्रिएटिनिनचा आकडाही असाच फसवतो. हडकुळ्या माणसात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी. आपल्या शेतकऱ्याचे पहिल्या दिवशी ०.५ होते, आठव्या दिवशी १.० झाले. छापील मर्यादेत ते 'नॉर्मल' आहे, प्रत्यक्षात गाळणी जवळपास निम्मी झाली आहे. गडचिरोलीत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि त्या आजारात क्रिएटिनिन आणखी कमी दिसते, शिवाय मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे रुग्ण लवकर सुकतो. म्हणून उपचारापूर्वीचा आकडा केसपेपरवर ठळक लिहून ठेवावा आणि तुलना त्याच्याशीच करावी. तपासणी आठवड्यातून किमान दोनदा हवी, आकडे हलू लागले की रोज. लघवीचे माप आणि वजन रोजच.

क्रिएटिनिन दुप्पट झाले की डोस थांबवतात, सलाईन वाढवतात, जेंटामायसिन किंवा डायक्लोफिनॅकसारखी औषधे बंद करतात आणि मिळाले तर लायपोसोमलवर जातात. लघवी घटू लागली की पोटॅशियमची भरही त्याच दिवशी थांबवावी लागते, नाहीतर कालची उणीव आज विषारी आधिक्य होते.

औषध बंद झाल्यावर गाळणी बहुधा काही आठवड्यांत सावरते, पण नलिकांची गळती त्यानंतरही रेंगाळते. घरी गेल्यावर आठवड्याभरात एकदा पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन पाहावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर भामरागडची वाट तोडू शकतो, म्हणून तिकडच्या रुग्णाची ही तपासणी सुट्टी देण्यापूर्वीच करून, गोळ्या सोबत बांधून द्याव्या लागतात.