कार्डावरचा चौकोन

व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर फोनमध्ये टाइप करताना एखादा आकडा चुकतोच. क्यूआर कोडने ते टळते, पण चौकोनात नेमके काय भरायचे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी संपर्काचा ठरलेला साचा आहे, व्हीकार्ड:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:आडनाव;नाव
FN:नाव आडनाव
TEL:+91XXXXXXXXXX
END:VCARD
```

हा मजकूर कोड बनवणाऱ्या ॲपमध्ये दिला की झाले. कॅमेरा धरला की फोन संपर्क जतन करायचा का, असे विचारतो. इंटरनेटही लागत नाही, कारण सगळी माहिती त्या ठिपक्यांतच असते.

गोम इथेच आहे. मजकूर वाढला की ठिपके वाढतात आणि बारीक होतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना, तीन बाइट खाते. रोमन अक्षर एकच. म्हणून दुकानाचा लांबलचक पत्ता, घोषवाक्य, फोटो असले काही भरू नये. वरचा मजकूर सुमारे 45 बाय 45 घरांत बसतो; दोन सेंटिमीटरच्या चौकोनात एक घर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होते. भोवती चार घरांएवढी कोरी जागा हवीच. हौशी डिझायनर नेमकी तीच खातात!

नंबर बदलला तर छापलेला कोड बदलत नाही. लिंकवाला कोड नंतर बदलता येतो, पण ती सेवा बंद पडली की कार्डे रद्दी.

हजार प्रती छापण्याआधी त्याच कागदावर एक नमुना काढून दोन-तीन वेगळ्या फोनवर तपासा, आणि नावाच्या जागी चौकटी-प्रश्नचिन्हे तर येत नाहीत ना, तेही पाहा.