एनपीएस आणि म्युच्युअल फंड: हिशेब एकत्र मांडा

निवृत्तीसाठी एनपीएस बरं की म्युच्युअल फंड, असं नोकरदार हमखास विचारतात. पुष्कळांकडे दोन्ही असतात, पण दोन्हींचा हिशेब ते वेगवेगळा ठेवतात. गफलत होते ती तिथेच.

समजा, पंचेचाळिशीतल्या एका बाईंचे इक्विटी म्युच्युअल फंडांत 30 लाख आणि एनपीएसच्या टिअर-1 खात्यात 10 लाख रुपये आहेत. एनपीएसमध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्ह चॉइस’ निवडून 75 टक्के रक्कम शेअर्समध्ये आणि 25 टक्के सरकारी रोख्यांत ठेवली आहे. त्यामुळे आपले तीन भाग बाजारात आणि एक भाग सुरक्षित, असं त्या धरून चालतात. पण चाळीस लाखांपैकी रोख्यांत आहेत फक्त अडीच लाख. बाकीचे साडेसदतीस लाख, म्हणजे जवळजवळ 94 टक्के, शेअर्समध्ये आहेत. बाजार 30 टक्क्यांनी कोसळला, तर सव्वा अकरा लाखांचा खड्डा पडेल.

आता प्रमाण खरोखर 75-25 करायचं, तर साडेसात लाख रुपये शेअर्समधून रोख्यांकडे न्यावे लागतील. ते म्युच्युअल फंड विकून उभे केले आणि त्यातली निम्मी रक्कम दीर्घ मुदतीचा नफा असली, तर पावणेचार लाखांच्या नफ्यातून सव्वा लाखाची वार्षिक सूट वजा होते. उरलेल्या अडीच लाखांवर साडेबारा टक्के कर आणि सेस मिळून 32,500 रुपये जातात.

हाच बदल एनपीएसमध्ये केला, तर एक रुपयाही कर लागत नाही. खात्यात लॉग-इन करून शेअर्सचा, म्हणजे ‘ई’चा, वाटा शून्यावर आणायचा आणि सगळी रक्कम सरकारी रोख्यांच्या ‘जी’मध्ये न्यायची. म्युच्युअल फंडांतले 30 लाख जसेच्या तसे राहतात आणि एकूण प्रमाण बरोबर 75-25 होतं. बाजार खूप पडला, तर याच वाटेने पैसे परत शेअर्सकडे वळवता येतात. ‘ऑटो चॉइस’ निवडणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की ठरावीक वयानंतर त्यांचा शेअर्समधला वाटा दरवर्षी आपोआप कमी होत जातो. त्यामुळे गेल्या वर्षीचे आकडे यंदा चालत नाहीत.

या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती गंभीर आहे. सुरक्षित पैसा सगळा एनपीएसमध्ये गेला, की तो हाताशी राहत नाही. मधेच काढायचे, तर ठरावीक कारणांसाठी आणि स्वतः भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंतच मिळतात. निवृत्तीच्या वेळीही मोठ्या रकमेचा काही भाग अ‍ॅन्युइटीत घालावा लागतो. म्हणून आजारपण किंवा नोकरी जाणं अशा प्रसंगांसाठीचा सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवावा आणि या हिशेबात तो मुळीच धरू नये. नाहीतर ऐन मंदीत, नेमके भाव पडलेले असताना, म्युच्युअल फंड विकायची पाळी येते.