मोफत सत्राच्या मेलमधली शेवटची ओळ

‘नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तासाभराचे मोफत करिअर मार्गदर्शन’ असा मेल कोचिंग क्लासकडून मुख्याध्यापकांना येतो. तारीख आणि वक्त्याची ओळख वाचून लगेच होकार देऊ नये. शेवटची ओळ नीट वाचावी. तिथे अनेकदा पालकांचे मोबाइल क्रमांक मागितलेले असतात, किंवा सत्रानंतर ‘शिष्यवृत्ती चाचणी’ ठेवलेली असते. चाचणीच्या अर्जातूनही तेच क्रमांक क्लासच्या हाती लागतात आणि मग प्रवेशासाठी घरी फोन सुरू होतात. व्याख्यानाचा खर्च असा वसूल होतो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक सूचना सांगतात, की कोचिंगमध्ये प्रवेश १६ वर्षांखालील मुलांना देऊ नये, तो दहावीच्या परीक्षेनंतरच व्हावा. मग नववीच्या मुलांचे क्रमांक कशासाठी हवेत, हे मुख्याध्यापकांनी उलट मेल करून स्पष्ट विचारावे.

सत्र घ्यायचेच असेल, तर स्लाइड आधी मागवाव्यात. त्यांत आयटीआय, तंत्रनिकेतन, वाणिज्य, कला यांना जागा नसेल आणि सगळा भर जेईई-नीटवर असेल, तर ती जाहिरात आहे. अर्ज भरून घेणार नाही, चाचणी होणार नाही, वर्गशिक्षक पूर्णवेळ हजर राहतील, या अटी लेखी मान्य करून घ्याव्यात.